तीन लाखांच्या आतली सात कामं: तुकडे पाडल्याचा आक्षेप टिकेल असा कसा लिहायचा?

सुरंगी

नमस्कार मंडळी. मी एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात काम करते. एका नगरपरिषदेबद्दल तक्रार झाल्यामुळे तिच्या २०१८-१९ च्या बांधकाम खर्चाचं विशेष लेखापरीक्षण आमच्याकडे आलं आहे. गावाचं नाव अर्थातच सांगणार नाही.

त्या वर्षीच्या बिलांत एकाच प्रभागातली सात कामं सापडली. एकही तीन लाखांच्या वर गेलेलं नाही आणि सगळ्यांचा आकडा तीन लाखांना टेकलेला आहे. सगळ्यात मोठं २,९८,८५० रुपयांचं, सगळ्यात लहान २,८६,२०० रुपयांचं. सातांची बेरीज २०,६४,००० रुपये. ई-निविदा एकाचीही नाही, सगळी कामं दरपत्रकांवर दिली आहेत. प्रत्येक कामाला तीन दरपत्रकं आली, ती त्याच तीन कंत्राटदारांची, आणि कामं तिघांत ३, २, २ अशी वाटली गेली.

मुख्याधिकाऱ्यांचं तोंडी म्हणणं असं की प्रत्येक काम स्वतंत्र आहे, प्रत्येकाचं अंदाजपत्रक वेगळं आहे आणि तीन लाखांच्या आतल्या कामाला ई-निविदा लागत नाही. कागदावर पाहिलं तर यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी हे तुकडे पाडलेले आहेत हे मला दिसतंय. प्रश्न असा, की परिच्छेद कसा लिहू म्हणजे अनुपालनाच्या वेळी तो एका ओळीच्या खुलाशावर वगळला जाणार नाही?

थेटबोल

सरळ आहे. एकूण वीस लाख, मर्यादा तीन लाख, म्हणजे नियमभंग सिद्ध. तेच तिघे प्रत्येक ठिकाणी, म्हणजे संगनमतही सिद्ध. जनरल फायनान्शियल रूल्सचा नियम १५७ लावा, गुन्हा नोंदवायची शिफारस करा आणि मोकळ्या व्हा. कंत्राटदारांच्या निविदा एकाच आयपीवरून भरल्या असतील तर तेही टाका, मग तर सुटकाच नाही.

अर्धसमास

सुरंगीताई, मी स्थानिक निधी लेखापरीक्षेत होतो, आता निवृत्त आहे. असे परिच्छेद पुष्कळ लिहिले, आणि पुष्कळ वगळले जातानाही पाहिले. थेटबोल यांचा राग योग्य आहे, पण त्यांनी सांगितलेल्या रस्त्याने गेलात तर आक्षेप पहिल्याच बैठकीत पडेल.

पहिली गोष्ट नियमाची. नियम १५७ मागणीचे तुकडे करू नका असं सांगतो हे खरं, पण ते नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांचे आहेत, आणि १५७ वस्तूंच्या खरेदीबद्दल बोलतो. तुमची संस्था राज्यातली नगरपरिषद आणि विषय बांधकामाचा. चुकीचा नियम उद्धृत केला की समोरचा फक्त त्याचंच उत्तर देतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. तुम्हाला आधार राज्याच्या शासन निर्णयांचा घ्यायचा आहे. तीन लाख आणि त्यावरील कामांना ई-निविदा सक्तीची करणारा २६ नोव्हेंबर २०१४ चा निर्णय तुमच्या वर्षाला लागू होतो. खरेदीसाठी १ डिसेंबर २०१६ ची कार्यपद्धतीची नियमपुस्तिका आहे. पुढे मर्यादा बदलत गेल्या, म्हणून ज्या दिवशी कामाला मंजुरी मिळाली त्या दिवशीची मर्यादा धरा, आजची नको.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही बिलांपासून सुरुवात केली आहे. बिलं वेगवेगळीच दिसणार, कारण ती वेगळी दिसावीत म्हणूनच तशी केलेली असतात. तुम्ही गरजेपासून सुरुवात करा. हे काम करायचं असं पहिल्यांदा कोणत्या कागदावर आलं? नगरसेवकाचं पत्र, प्रभाग समितीची मागणी, सभेचा ठराव, काहीतरी असतंच. त्या कागदावर एक रस्ता असेल आणि बिलात चार रस्ते असतील, तर तुकडे कुठे पडले ते तुम्हाला दाखवता येतं. गरजच सात ठिकाणाहून आली असेल तर तुमचा आक्षेप मुळातच कमकुवत आहे.

म्हणून आधी सातही कामांचं ठिकाण, साखळी क्रमांक, ठराव, लेखाशीर्ष, तांत्रिक मान्यतेची तारीख आणि क्रमांक एवढंच इथे टाका.

गोदातीर

आमच्या सोसायटीच्या रंगकामाला पण सचिवांनी तीन कोटेशनं आणली, तिन्हींवर एकच फोन नंबर होता! ई-निविदेचा हा नियम आम्हाला लावता येईल का? रजिस्ट्रारकडे जायचं का?

अर्धसमास

नाही ताई, हे शासन निर्णय शासकीय आणि स्थानिक संस्थांच्या कामांसाठी आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेला तिचे उपविधी आणि सर्वसाधारण सभेचे ठराव लागू होतात. मोठ्या दुरुस्तीच्या कामात दरपत्रकं सभेपुढे ठेवली होती का, हा तुमचा पहिला प्रश्न. वेगळा धागा काढा, तिथे नीट बोलू.

सुरंगी

काका, नस्त्या पुन्हा काढून बसले. हाती आलेलं लिहिते.

पहिली चार कामं एकाच अंतर्गत रस्त्याच्या काँक्रिटीकरणाची आहेत. साखळी क्रमांक ०/००० ते ०/११०, मग ०/११० ते ०/२२०, मग ०/२२० ते ०/३३०, मग ०/३३० ते ०/४३८. रक्कम अनुक्रमे २,९८,४००, २,९६,७५०, २,९७,९०० आणि २,९४,३००. चारींची बेरीज ११,८७,३५०. एकच ठराव, एकच लेखाशीर्ष. तांत्रिक मान्यता एकाच दिवशीच्या आणि त्यांचे क्रमांक लागोपाठचे.

पाचवं आणि सहावं काम त्याच रस्त्याच्या दोन बाजूंच्या गटारांचं. एक १४ व्या वित्त आयोगाच्या निधीतून, दुसरं नगरपरिषदेच्या स्वतःच्या निधीतून. ठराव वेगवेगळे, मध्ये चार महिन्यांचं अंतर.

सातवं काम मंदिरासमोरच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवण्याचं, आमदार निधीतून. रस्ता तोच नाही, पण प्रभाग तोच.

ठरावाला जोडलेला मूळ अर्ज सापडला. रहिवाशांचं एक पानी पत्र आहे आणि त्यात "चौकापासून ओढ्यापर्यंतचा रस्ता काँक्रिटचा करून मिळावा" एवढंच आहे.

साखळी_क्रमांक

मी शाखा अभियंता म्हणून नोकरीत आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. आमची बाजूही ऐकून घ्या.

प्रत्येक छोटं काम म्हणजे चोरी नसते. वित्त आयोगाचा हप्ता जूनमध्ये येतो, स्वनिधीतली तरतूद सप्टेंबरच्या सभेत होते, आमदार निधीची मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयातून कधी येईल ते कोणालाच माहीत नसतं. दोन लेखाशीर्षांचे पैसे एका अंदाजपत्रकात टाकले तर तुम्हीच लेखापरीक्षक निधी वळवल्याचा आक्षेप काढता. शिवाय लोक दारात उभे असतात. ई-निविदा प्रसिद्ध करायची, मुदत थांबायची, तीन निविदा आल्या नाहीत की मुदतवाढ, पुन्हा नाही आल्या की फेरनिविदा. तोवर पावसाळा येतो. गटाराच्या बाबतीत हे सगळं मी शपथेवर सांगू शकतो.

पण चार सलग साखळ्यांचं एकाच शीर्षातलं काम वेगवेगळं का केलं, याला माझ्याकडेही उत्तर नाही. आणि ११० मीटरला तुकडा संपतो तिथे रस्त्यात काहीच बदलत नाही. रुंदी बदलली, नाला आला, चढ आला तर अंदाजपत्रक बदलतं. इथे ते फक्त पैशांच्या आकड्याला तोडलंय. एका अंदाजपत्रकात ४३८ मीटर घेतले असते तर काम अडीच पट सोपं झालं असतं.

अर्धसमास

अभियंतासाहेबांनी माझं निम्मं काम केलं. सुरंगीताई, आता कात्री लावा.

सातवं काम परिच्छेदातून पूर्ण काढा. ठिकाण वेगळं, निधी वेगळा, मान्यता देणारा वेगळा. ते ठेवलं तर मुख्याधिकारी त्याच एका कामाचा खुलासा दोन पानं लिहितील आणि बैठकीत "आक्षेपात तथ्य आढळत नाही" असा शेरा सगळ्यालाच लागेल. वीस लाखांचा आकडा मोठा दिसतो म्हणून मोह होतो, पण तो आकडाच तुमचा शत्रू आहे. ११ लाख ८७ हजारांचा परिच्छेद टिकतो.

गटारांची दोन कामं स्वतंत्र उपपरिच्छेदात घ्या, तिथे आक्षेप नको, नुसती विचारणा करा. निधी आणि वेळ वेगळी असण्याचं कारण नस्तीत नोंदवलं आहे का, एवढंच विचारा. असेल तर विषय संपला.

मुख्य परिच्छेदाची भाषा साधारण अशी ठेवा:

"साखळी क्र. ०/००० ते ०/४३८ या सलग लांबीतील काँक्रिटीकरण एकाच मागणीपत्राच्या अनुषंगाने, एकाच ठरावान्वये व एकाच लेखाशीर्षातून मंजूर असताना त्याची चार स्वतंत्र अंदाजपत्रके तयार करून एकाच दिनांकास तांत्रिक मान्यता देण्यात आली. चारही कामांची एकत्रित किंमत रु. ११,८७,३५० इतकी असून ती ई-निविदेसाठी विहित मर्यादेपेक्षा जास्त आहे. कामाचे चार भाग करण्याची तांत्रिक अथवा प्रशासकीय कारणमीमांसा नस्तीत आढळून आली नाही. याबाबत कागदपत्रांसह खुलासा व्हावा."

यात "हेतुपुरस्सर" हा शब्द नाही हे बघा. हेतू तुम्हाला सिद्ध करता येत नाही, पण तारखा, क्रमांक आणि कारणाचा अभाव सिद्ध करता येतो. वाचणारा हेतू स्वतः वाचतो. "कागदपत्रांसह" हा शब्द मात्र सोडू नका, नाहीतर खुलाशात नुसता मजकूर येतो.

वेलदोडा

माझं काम आकड्यांचं आहे, निविदांचं नाही, पण एक सुचवतो. कामांची यादी एक्सेलमध्ये असेल तर डोळ्याने शोधू नका. ठिकाणाचा स्तंभ C, मंजुरीची तारीख D आणि रक्कम F मध्ये असं धरून शेजारच्या मोकळ्या स्तंभात हे टाका:

```
=SUMIFS(F:F,C:C,C2,D:D,">="&D2-60,D:D,"<="&D2+60)
```

त्याच ठिकाणच्या, साठ दिवस पुढच्या-मागच्या सगळ्या कामांची बेरीज येईल. ती मर्यादेच्या वर आणि स्वतः काम मर्यादेच्या आत, अशा ओळी गाळून घ्या. एक अडचण आधीच सांगतो. ठिकाणाचं नाव प्रत्येक बिलात वेगळं लिहिलेलं असतं, "चौक ते ओढा", "ओढ्याजवळील रस्ता" वगैरे. आधी तो स्तंभ हाताने एकसारखा करावा लागेल. तिथेच खरा वेळ जातो.

सुरंगी

हे लगेच करून बघितलं. दुसऱ्या एका प्रभागात दिवाबत्तीच्या सामानाची अशीच पाच बिलं निघाली. ती वस्तू-खरेदी असल्यामुळे त्यांना नियमपुस्तिका लागेल, ते वेगळं बघते.

आता दरपत्रकांबद्दल. चार काँक्रिट कामांच्या तुलनात्मक तक्त्यांतले दर समोर ठेवले. पहिल्या कामात विजेत्याचा काँक्रिटचा दर घनमीटरला ५,४००, दुसऱ्याचा ५,५६२, तिसऱ्याचा ५,६७०. सोलिंगला १,२००, १,२३६, १,२६०. खोदकामाला १६०, १६४.८०, १६८. प्रत्येक बाबीत दुसरा बरोबर तीन टक्के वर आणि तिसरा बरोबर पाच टक्के वर. नऊच्या नऊ बाबींत. दुसऱ्या कामात विजेता बदलला, पण तीन आणि पाच टक्के तेच राहिले.

थेटबोल

झालं की! तिघांची दरपत्रकं एकानेच भरली, याहून काय पुरावा हवा?

खडीवाला

मी छोटा कंत्राटदार आहे, वीस वर्षं याच धंद्यात. थोडं जळजळीत लिहितो, समजून घ्या.

हो, एकानेच भरली असणार. आमच्याकडे याला सपोर्ट म्हणतात. ज्याचं काम ठरलंय तो बाकी दोघांकडून कोरी लेटरहेड सहीशिक्क्यासह घेऊन येतो, घरी बसून तिन्ही भरतो. पुढच्या कामात दुसऱ्याला सपोर्ट द्यायचा. तुम्हाला वाटेल कंत्राटदार मुजोर आहेत. पण मी एकदा लेटरहेड द्यायला नकार दिला तर त्या कार्यालयात माझ्याकडे दरपत्रकाची विचारणाच येणं बंद झालं. ती विचारणा कोणाला पाठवायची हे कुठे लिहिलेलं असतं? कुठेच नाही. टेबलावरचा माणूस ठरवतो.

त्याच सुमारास माझं दुसऱ्या कामाचं अंतिम देयकही अडकलं. ते कसं सोडवावं हे कोणी सांगेल का? मोजमाप पुस्तकात नोंद झाली आहे, सही आहे, तरी पैसे नाहीत.

अर्धसमास

खडीवाले, तुमचं म्हणणं या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं आहे. देयकासाठी मोजमाप पुस्तकाच्या नोंदीची आणि देयक नोंदवहीची प्रमाणित प्रत माहिती अधिकारात मागा. ते कुठल्या टेबलावर थांबलं ते त्यात दिसेल. आणि सुरंगीताई, त्यांनी जे विचारलं तेच तुम्ही विचारा: विचारणा या तिघांनाच का गेली?

थेटबोल, तीन आणि पाच टक्क्यांचा ठोकळा मोठा निर्देशक आहे, पण एक पळवाट आहे आणि ती आधी बंद करायला हवी. आपल्याकडे अंदाजपत्रक दरसूचीवरून होतं. कंत्राटदार त्याच दरांवर अमुक टक्के वर-खाली असा हिशेब करतात. मोठ्या कामांच्या बी-१ निविदेत तर सगळ्या बाबींवर एकच टक्केवारी भरायची असते, तिथे सगळे दर समप्रमाणातच येतात आणि त्याला काही अर्थ नसतो. बाबनिहाय दर मागवले असतील तेव्हाच हा ठोकळा बोलू लागतो, आणि तेव्हाही समोरचा म्हणेल की आम्ही तिघांनी दरसूची घेतली, कोणी कमी टक्के लावले, कोणी जास्त.

म्हणून दरसूचीपासून जिथे दर फुटतात ती बाब शोधा. विजेत्याने एखाद्या बाबीत दरसूची सोडून वेगळा दर लावला असेल आणि बाकी दोघांनी तोच वेगळेपणा तीन आणि पाच टक्क्यांनी उचलला असेल, तर दरसूचीचा बचाव संपतो. त्याहून चांगली चूक. एकक चुकलेलं, बेरीज चुकलेली, बाबीचं नाव अर्धवट. तिघांनी स्वतंत्रपणे बरोबर लिहिणं शक्य आहे, पण तिघांनी स्वतंत्रपणे तीच चूक करणं अवघड आहे.

सुरंगी

काका, आहे! सहाव्या बाबीत, वाळूच्या थराला, अंदाजपत्रकात एकक घनमीटर आहे. तिन्ही दरपत्रकांत रनिंग मीटर लिहिलंय. चारही कामांत. आणि त्या बाबीचा विजेत्याचा दर दरसूचीशी जुळत नाही, तरी बाकीचे दोघे बरोबर तीन आणि पाच टक्के वर आहेत.

अर्धसमास

मग ते पान छायाप्रतीसह परिशिष्टात लावा. मजकुरात कमी लिहा, परिशिष्ट बोलू द्या.

आता कागद. हे मी नेहमी शेवटी बघतो, पण आक्षेप बहुतेक वेळा इथेच घट्ट होतो. विचारणापत्रं कोणाला पाठवली, त्यांचे जावक क्रमांक आहेत का? आलेल्या दरपत्रकांना आवक क्रमांक आहेत का, लिफाफे जपले आहेत का? तुलनात्मक तक्त्यावर तारीख आणि लेखापालाची सही आहे का? कार्यारंभ आदेश त्यानंतर किती दिवसांनी? आणि तिघांचे जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासा. services.gst.gov.in वर क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख आणि पत्ता दिसतो, कोणालाही दिसतो, लॉगिन लागत नाही.

सुरंगी

दोन दिवस लागले, उत्तर उशिरा देतेय.

विचारणापत्रं नाहीत. जावक नोंदवहीत त्या महिन्यात या तिघांच्या नावे एकही नोंद नाही. बारा दरपत्रकांपैकी एकालाही आवक क्रमांक नाही. तक्त्यावर तारीख नाही. कार्यारंभ आदेश चारही एकाच दिवशीचे.

आणि जीएसटीचं तुम्ही म्हणालात म्हणून बघितलं. तिसऱ्या कंत्राटदाराच्या दरपत्रकावर १२ तारीख आहे आणि लेटरहेडवर जीएसटी क्रमांक छापलेला आहे. पोर्टलवर त्याच क्रमांकाची नोंदणी दीड महिन्यानंतरची. ज्या तारखेचं पत्र आहे त्या तारखेला तो क्रमांक अस्तित्वातच नव्हता. मी ते तीनदा तपासलं, दुसऱ्या सहकाऱ्याकडून तपासून घेतलं आणि पडद्याचं छायाचित्र तारखेसह जपून ठेवलं.

साखळी_क्रमांक

एवढं स्पष्ट असेल तर माझ्याकडे बचाव नाही. एकच विचारतो, त्या माणसाचा आधीचा क्रमांक रद्द होऊन नवा मिळाला असं तर नाही ना? भागीदारी मोडली, मालक बदलला की असं होतं. तसं असलं तरी नवा क्रमांक जुन्या तारखेच्या पत्रावर येत नाही हे खरं, पण खुलाशात ते कारण पुढे येईल, तयारी ठेवा.

अर्धसमास

बरोबर मुद्दा. आणि अभियंत्यांच्या मुद्द्याला उत्तर असं, की नोंदणीची परिणामकारक तारीख मागची असू शकते, पुढची नसते. म्हणजे पोर्टल जी तारीख दाखवतं त्याच्या आधी तो क्रमांक कोणाच्या हाती असणं शक्य नाही. पत्र नंतर तयार होऊन मागची तारीख टाकली गेली, एवढंच त्यातून निघतं, आणि ते पुरेसं आहे. कोणी तयार केलं हे तुम्ही लिहू नका, ते पोलिसांचं किंवा चौकशी अधिकाऱ्याचं काम.

यावरून दुसरा परिच्छेद स्वतंत्र लिहा, तुकड्यांच्या परिच्छेदात मिसळू नका. शीर्षक "दरपत्रके मागविण्याच्या कार्यपद्धतीतील त्रुटी". तुकड्यांचा परिच्छेद वगळला गेला तरी हा राहतो. माझा अनुभव सांगतो, की बैठकीत अधिकारी तुकड्यांवर तासभर बोलू शकतात, आवक क्रमांक का नाही यावर त्यांना बोलता येत नाही.

थेटबोल

मग संगनमताचं काय? कॉम्पिटिशन कमिशनकडे का जायचं नाही? पुणे महापालिकेच्या कचरा प्रकल्पांच्या निविदांत त्यांनी कंपन्यांना दंड केलाच होता.

अर्धसमास

हे उदाहरण तुम्ही बरोबर काढलंत. २०१४-१५ मधल्या त्या निविदांबद्दल नागरिक चेतना मंचाने माहिती दिली, आयोगाने चौकशी केली आणि २०१८ मध्ये आदेश आला. एकाला काम मिळावं म्हणून इतरांनी पाठबळाच्या निविदा भरल्या हे त्यात दिसलं. काहींनी स्वतः कबुली देऊन दंडात सूटही मिळवली. म्हणजे खडीवाले जे सपोर्ट म्हणतात त्याला कायद्यात नाव आहे, स्पर्धा कायद्याचं कलम ३(३)(ड). स्थानिक संस्था स्वतःही आयोगाकडे प्रकरण पाठवू शकते.

पण दोन गोष्टी. एक, लेखापरीक्षकाकडे फोनचे तपशील मागायचे अधिकार नाहीत. म्हणून अहवालात "संगनमत झाले" असं न लिहिता "संगनमताचे निर्देशक आढळले, सक्षम प्राधिकरणाकडे पाठविण्याचा विचार व्हावा" एवढं लिहा. दोन, २०२३ च्या दुरुस्तीनंतर माहिती देण्याला तीन वर्षांची मुदत आहे, पुरेसं कारण दिलं तर आयोग उशीर माफ करतो. हे काम २०१८-१९ चं आहे. लेखापरीक्षणात आत्ता उघड झालं हे कारण मान्य होईल का, मी खात्रीने सांगणार नाही.

आणि आयपीचं तुम्ही सुरुवातीला म्हणालात म्हणून. इथे ई-निविदाच नाही, त्यामुळे आयपी नाही. जिथे असेल तिथेही सांभाळून. तालुक्याच्या गावात सगळ्यांच्या निविदा भरून देणारा एकच माणूस असतो, त्याच्या दुकानातून दहा कंत्राटदारांचे लिफाफे अपलोड होतात. एक आयपी म्हणजे संशयाला सुरुवात. त्याला जोड हवी: बयाणा रक्कम एकाच खात्यातून गेली, दोन निविदांच्या पीडीएफवर लेखक म्हणून एकच नाव, हरणाऱ्याने पुढे त्याच कामात उपकंत्राट घेतलं, असं काहीतरी.

खडीवाला

तुम्ही म्हणता तो टेंडर भरणारा माणूस खरंच आहे, मी पण त्याच्याकडेच भरतो. माझ्यासारख्याला डिजिटल सही लावणं जमत नाही. त्यावरून मला कोणी टोळीत धरलं तर अन्याय होईल.

सुरंगी

नुकसान किती ते अहवालात लिहायचं का, यावर आमच्या कार्यालयात वाद सुरू आहे. त्याच वर्षी याच नगरपरिषदेत ई-निविदेने झालेल्या तीन काँक्रिट रस्त्यांना अंदाजपत्रकापेक्षा ९ ते १४ टक्के कमी दर मिळाले. या चार कामांना अर्धा टक्काही कमी नाही. नऊ टक्केच धरले तरी ११,८७,३५० वर लाखभराचा फरक.

साखळी_क्रमांक

त्या आकड्यावर मी सहमत नाही. १४ टक्के कमी दराने घेतलेले रस्ते दोन पावसाळ्यांत काय होतात ते आम्ही रोज बघतो. कमी दर म्हणजे बचत असं लेखापरीक्षक धरून चालतात. त्या तीन रस्त्यांची आजची अवस्था बघून मग लिहा.

अर्धसमास

मी लिहीन, पण "स्पर्धात्मक दराचा लाभ मिळाला नाही" असं, आणि तुलनेचा तक्ता जोडून. वसुलीची रक्कम म्हणून नाही. अभियंतासाहेबांची हरकत खरी असू शकते, आणि जागेवर जाऊन बघणं तुमच्या कार्यकक्षेत असेल तर जा. नसेल तर आकडा "निर्देशक" म्हणूनच ठेवा.

वेलदोडा

एक शंका राहून गेली. २,९८,४०० हा आकडा जीएसटी धरून आहे की वगळून? तेव्हा स्थानिक संस्थांच्या कामांना १२ टक्के होता. वगळून असेल तर एकट्या पहिल्या कामाची किंमत ३,३४,२०८ होते आणि तुकडे न जोडताही मर्यादा ओलांडली जाते.

सुरंगी

अंदाजपत्रकाच्या गोषवाऱ्यात जीएसटीची वेगळी ओळ नाही, पण बिलात रकमेवर १२ टक्के वेगळे दिलेत. म्हणजे वगळून.

साखळी_क्रमांक

आमच्याकडे मर्यादा कामाच्या मूळ किमतीवर धरतात, कर वेगळा. सगळीकडे तसंच चालतं.

अर्धसमास

चालतं हे खरं. बरोबर आहे का, यावर मी दोन्ही बाजूंचे खुलासे मान्य झालेले पाहिले आहेत. सुरंगीताई, त्याच नगरपरिषदेने त्या वर्षी २ लाख ८० हजार ते ३ लाखांच्या मधल्या एखाद्या कामाची ई-निविदा काढली आहे का ते mahatenders.gov.in वर निविदांच्या सद्यस्थितीत शोधा. काढली असेल तर कर धरूनच मर्यादा मोजतो हे त्यांनी स्वतःच मान्य केल्यासारखं होईल. नसेल तर हा मुद्दा विचारणा म्हणून ठेवा, आक्षेप म्हणून नको.

सुरंगी

शोधते. एक काम २,८९,००० चं दिसतंय, पण अंदाजपत्रक अपलोड केलेलं नाही, फक्त सूचना आहे. मूळ नस्ती बांधकाम विभागाकडून मागवली आहे, सोमवारी देतो म्हणालेत.